नामावली वर सरकताना : लघुपटाच्या शेवटाची रचना

१. नावे थरथरतात ती कशामुळे?

स्वतः तयार केलेला लघुपट पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहणाऱ्या बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. संगणकावर सगळे ठीक दिसत असताना शेवटची नावे वर सरकू लागली की अक्षरे थरथरतात, त्यांच्या कडा लुकलुकतात आणि चांगला जमलेला शेवट कच्चा वाटू लागतो, हे कशामुळे घडते? याच्या जोडीला दुसरा प्रश्नही येतो. चित्र आणि आवाज दोन्ही हळूहळू कमी केलेले असूनही शेवट तुटल्यासारखा का वाटतो? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कॅमेऱ्याच्या किंवा सॉफ्टवेअरच्या किमतीत नसून साध्या अंकगणितात आणि डोळा व कान यांच्या सवयींत आहेत.

विवेचनासाठी एक कल्पित लघुपट समोर ठेवणे सोयीचे ठरेल. त्यातील स्थळ मात्र खरे आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील लोंढा हे रेल्वेचे जंक्शन असून तेथून एक मार्ग कॅसलरॉक आणि दूधसागरचा घाट उतरून गोव्यात जातो. समजा, या स्थानकावर सुमारे बारा मिनिटांचा लघुपट चित्रित झाला आहे. त्याच्या शेवटच्या दृश्यात रात्रीची गाडी कॅसलरॉकच्या दिशेने निघून जाते, फलाट रिकामा होतो, दूरवर सिग्नलचा दिवा तेवढा उरतो, आणि त्यानंतर श्रेयनामावली, म्हणजे लघुपटासाठी काम केलेल्यांची नावे, खालून वर सरकत जाते.

पडदा हा लहान लहान चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो आणि अशा एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. सर्वसाधारण एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल असतात. हलते चित्र म्हणजे प्रत्यक्षात एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे होत. अशा प्रत्येक स्थिर चित्राला फ्रेम म्हणतात आणि चित्रपटात ती सेकंदाला २४ असतात. त्यामुळे सरकणारे नाव अखंड सरकत नसते; प्रत्येक फ्रेममध्ये ते ठरावीक अंतराची एक उडी घेते. ही उडी पूर्ण पिक्सेलांची असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये अक्षर हुबेहूब तसेच उमटते. उडी अडीच पिक्सेलांची असेल तर मात्र दर दुसऱ्या फ्रेमला अक्षराची कड दोन ठिपक्यांच्या मध्ये पडते. आलेखाच्या वहीत चौकटीच्या रेघेवर न बसणारी पट्टी रंगवायची झाली तर वरच्या आणि खालच्या दोन्ही चौकटी अर्ध्या अर्ध्या रंगवाव्या लागतील, तसेच येथे होते, आणि पांढऱ्याऐवजी करडी कड तयार होते. एका फ्रेममध्ये रेखीव आणि पुढच्या फ्रेममध्ये पुसट असे रूप सेकंदाला बारा वेळा पालटू लागले की डोळ्याला ती थरथर जाणवते.

देवनागरीला हा दोष रोमन लिपीपेक्षा अधिक बाधतो. शिरोरेषा ही लांब, आडवी आणि बारीक रेषा असते, आणि वर सरकणाऱ्या मजकुरात सर्वात जास्त हाल होतात ते आडव्या रेषांचेच. तीन पिक्सेल जाडीची शिरोरेषा अर्धा पिक्सेल सरकली की दोन ओळी पूर्ण पांढऱ्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक करडी, अशी चार ओळींची होते; पुढच्या फ्रेमला ती पुन्हा तीनची होते. संपूर्ण नावाच्या डोक्यावरून जाणारी रेषा अशी श्वास घेतल्यासारखी जाड-बारीक होत राहिल्यामुळे इंग्रजी नामावलीत खपून जाणारी चूक मराठी नामावलीत उघडी पडते.

२. आधी वेग, मग लांबी

यावर उपाय एकच आहे. नामावली किती सेकंदांची हवी हे आधी ठरवू नये. दर फ्रेमला किती पूर्ण पिक्सेल सरकायचे हे आधी ठरवावे आणि कालावधी त्यातून निघू द्यावा. एचडी चित्रात व्यवहारात २, ३ आणि ४ हे तीन वेग वापरता येतात. दर फ्रेमला ३ पिक्सेल म्हणजे सेकंदाला ७२ पिक्सेल, आणि त्या वेगाने एखादी ओळ खालून वरपर्यंत पडदा ओलांडण्यास १५ सेकंद घेते. २ पिक्सेलांच्या वेगाने तिला साडेबावीस सेकंद लागतात, तर ४ पिक्सेलांच्या वेगाने सव्वाअकरा. लघुपटाच्या छोट्या नामावलीसाठी यांपैकी ३ हा वेग सर्वांत सोयीचा आहे, आणि त्यामागे वाचनाच्या सुखापलीकडचेही एक कारण आहे. हेच चित्र पुढे ७२० ओळींच्या लहान आकारात पाहिले गेले तर सर्व मापे दोन तृतीयांश होतात आणि ३ चे बरोबर २ होतात. २१६० ओळींच्या मोठ्या आकारात ३ चे ६ होतात. २ किंवा ४ पिक्सेलांचा वेग ७२० ओळींत मात्र अपूर्णांकात जातो, आणि काळजीपूर्वक टाळलेली थरथर प्रेक्षकाच्या मोबाइलवर परत येते.

आता लोंढ्याच्या लघुपटाचा हिशेब करता येईल. नामावलीत मधल्या रिकाम्या ओळी धरून ३० ओळी आहेत आणि एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचे अंतर ९० पिक्सेल आहे, म्हणजे संपूर्ण नामावलीचे उभे चित्र २७०० पिक्सेल उंचीचे होईल. हे चित्र पडद्याच्या खाली पूर्ण लपलेल्या स्थितीतून वर पूर्ण नाहीसे होईपर्यंत सरकवायचे असल्यामुळे त्याच्या उंचीत पडद्याचीही उंची मिळवावी लागते.

एकूण अंतर = २७०० + १०८० = ३७८० पिक्सेल
लागणाऱ्या फ्रेम = ३७८० ÷ ३ = १२६०
कालावधी = १२६० ÷ २४ = ५२.५ सेकंद

अडचण बहुधा येथेच सुरू होते, कारण शेवटचे संगीत आधीच तयार असते आणि ते नेमके ५० सेकंदांचे असते. मग संकलन करणारी व्यक्ती नामावलीची पट्टी ओढून ५० सेकंदांत बसवते, ३७८० पिक्सेल १२०० फ्रेममध्ये विभागले जातात, वेग ३.१५ होतो आणि थरथर सुरू होते. योग्य मार्ग उलट्या दिशेने जातो. १२०० फ्रेममध्ये ३ पिक्सेलांच्या वेगाने ३६०० पिक्सेल अंतर कापले जाते. त्यातून पडद्याचे १०८० वजा केले की नामावलीसाठी २५२० पिक्सेल, म्हणजे बरोबर २८ ओळी उरतात. दोन रिकाम्या ओळी कमी केल्या की वेगाला हात न लावता काम होते. हिशेब इतका नेमका जमला नाही, तर दोन गटांमधली मोकळी जागा थोडी कमी-जास्त करावी. त्या फरकाकडे कोणाचेही लक्ष जात नाही, वेगातील अपूर्णांक मात्र प्रत्येकाला दिसतो.

प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमध्ये ही हालचाल दोन कीफ्रेमांनी नोंदवली जाते. कीफ्रेम म्हणजे ‘या क्षणी वस्तू या जागी असावी’ अशी खूण. पहिली खूण शून्याव्या फ्रेमवर आणि दुसरी बरोबर १२०० व्या फ्रेमवर असावी. दुसरी खूण चुकून ११९९ व्या फ्रेमवर पडली तर वेग ३ पेक्षा किंचित वाढतो, आणि काही सेकंद रेखीव व काही सेकंद पुसट अशी मंद लाट नामावलीभर दिसत राहते. दोष असा ठरावीक अंतराने येत-जात असेल तर आधी याच खुणेकडे पाहावे. काही सॉफ्टवेअर चित्राच्या वरच्या कडेचे स्थान मोजतात तर काही मध्यबिंदूचे, परंतु दोन खुणांमधील फरक दोन्ही पद्धतींत ३६०० च राहतो. सुरुवातीला हळूहळू वेग घेण्याची आणि शेवटी मंदावण्याची सोय बंद ठेवून चाल सरळ रेषेची ठेवावी, आणि हालचालीमुळे कडा पुसट करणारा परिणामही काढून टाकावा.

याला एक मर्यादा आहे, ती आधीच माहीत असलेली बरी. घरातील बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा ताजे होतात आणि २४ फ्रेमची वाटणी ६० मध्ये समान होत नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवली जाते. त्यातून येणारा बारीक हिसका कोणत्याही हिशेबाने जात नाही; वेग कमी ठेवला तर तो कमी जाणवतो एवढेच. मात्र २४ फ्रेमचा लघुपट शेवटच्या निर्यातीत ३० फ्रेमचा करण्याची चूक अजिबात करू नये, कारण मग दर चौथी फ्रेम दोनदा येऊन हाच दोष कायमचा चित्रातच कोरला जातो.

३. ओळीतील अक्षरे

लोंढ्यासारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांची नावे मराठी, कन्नड आणि कोकणी अशा तीन भाषांतील माणसांची असतात, आणि ती कोणत्या लिपीत लिहावीत हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. प्रत्येक नाव दोन-तीन लिप्यांत दिल्यास नामावली दुप्पट-तिप्पट होते. म्हणून कामाचा उल्लेख दोन लिप्यांत करावा आणि नाव मात्र ती व्यक्ती स्वतः ज्या लिपीत लिहिते त्याच लिपीत एकदा द्यावे, ही पद्धत सर्वांत न्याय्य वाटते.

मात्र त्यासाठी ओळींमधील अंतर मोकळे ठेवावे लागते. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात आणि उकार खाली येतो. कन्नडमध्ये जोडाक्षरातील दुसरे व्यंजन मूळ अक्षराच्या खाली बसते. रोमन अक्षरांसाठी पुरणारे अंतर येथे ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षराचा आकार ५६ पिक्सेल असेल तर ओळींचे अंतर त्याच्या दीडपटीहून थोडे अधिक, म्हणजे ८८ ते ९० पिक्सेल, ठेवावे. अक्षर मध्यम जाडीचे घ्यावे, कारण एक-दोन पिक्सेलांची नाजूक शिरोरेषा पूर्ण पिक्सेलांच्या वेगानेही लुकलुकते. रंग शुद्ध पांढरा न ठेवता थोडा मंद ठेवावा. ० ते २५५ या मोजणीत २२५ च्या आसपासचा करडा-पांढरा रंग अंधाऱ्या सभागृहात डोळ्यांना टोचत नाही आणि काळ्यावर त्याची कडही कमी तडतडते.

व्हिडिओची काही सॉफ्टवेअर भारतीय लिप्यांची जोडाक्षरे मोडतात. ‘क्षितिज’ मधील ऱ्हस्व वेलांटी ‘त’ च्या उजवीकडे जाते किंवा ‘श्री’ चे तुकडे होतात. सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल तर संपूर्ण नामावली इंकस्केपसारख्या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये १९२० पिक्सेल रुंद आणि २५२० पिक्सेल उंच अशा एकाच चित्रात तयार करून तेच चित्र सरकवावे. हा दुसरा मार्ग अधिक भरवशाचा आहे, कारण एकदा चित्र झालेले अक्षर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नाही म्हणून बदलत नाही.

४. चित्र काळोखात नेताना

चित्र हळूहळू काळे होत जाण्याला फेड-आऊट म्हणतात. लोंढ्याच्या शेवटच्या दृश्यासाठी तीन सेकंद, म्हणजे ७२ फ्रेम, पुरेशा आहेत. एका सेकंदापेक्षा कमी कालावधीत ते वीज गेल्यासारखे वाटते आणि पाच सेकंदांहून अधिक झाल्यास प्रेक्षक चित्रातील तपशील शोधू लागतो.

येथे लक्षात घेण्याजोगी अडचण दिव्यांची आहे. सॉफ्टवेअरमधील साधा फेड प्रत्येक पिक्सेलची किंमत सारख्याच प्रमाणात कमी करतो. गाडीचा दिवा किंवा फलाटावरचा बल्ब चित्रात आधीच इतका पांढरा झालेला असतो की त्यात अधिक तेजाची कोणतीही नोंद उरलेली नसते, आणि म्हणून फेड सुरू होताच तो दिवा मंद होण्याऐवजी करड्या कागदाच्या तुकड्यासारखा सपाट दिसू लागतो. कॅमेऱ्याच्या भिंगाचे छिद्र हळूहळू बंद केले असते तर आजूबाजूचा फलाट आधी बुडाला असता आणि दिवा अखेरपर्यंत तेजस्वी राहिला असता. तोच परिणाम मिळवण्यासाठी फेडच्या आधी रंगदुरुस्तीच्या वक्ररेषेने गडद आणि मध्यम छटा पहिल्या दोन सेकंदांत खाली ओढाव्यात, तेजस्वी छटा तशाच ठेवाव्यात, आणि शेवटच्या सेकंदात उरलेले सर्व काळे करावे. सिग्नलचा दिवा मग सर्वांत शेवटी विझतो आणि दृश्याला ते शोभते.

दुसरा दोष रात्रीच्या आकाशात दिसतो. सर्वसाधारण व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. आधीच गडद असलेले आकाश आणखी गडद होत जाताना त्यातल्या मोजक्याच पायऱ्या उरतात आणि आकाशात डोंगराच्या नकाशावरील रेषांसारखे पट्टे उमटतात. रंगाच्या १०२४ पायऱ्या ठेवणारी दहा बिटांची निर्यात शक्य असेल तर तिने हे कमी होते; शक्य नसेल तर चित्रावर अगदी बारीक दाणा, म्हणजे ग्रेन, मिसळावा, ज्यामुळे पट्ट्यांच्या कडा विरघळतात. मात्र जास्त दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये हा दाणाच आधी पुसला जातो, म्हणून शेवटच्या काही सेकंदांसाठी फाइलचा आकार वाचवण्याचा मोह टाळावा.

प्रत्येक शेवट असा मावळवावा असे मात्र नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) मध्ये जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तेथे फेड वापरला असता तर तो आघातच बोथट झाला असता. त्यांच्याच ‘सैराट’ (२०१६) च्या शेवटी चित्र चालू राहते आणि आवाज काढून घेतलेला असतो. फेड म्हणजे काळ पुढे जात राहणार असल्याची सूचना; जेथे काळ थांबवायचा आहे तेथे तो उपयोगाचा नाही. लोंढ्याच्या दृश्यात गाडी पुढच्या स्थानकाकडे निघाली आहे, म्हणून तेथे तो योग्य ठरतो.

५. आवाज मावळतो कसा

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात आणि ती सुमारे १० डेसिबलने खाली आली की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. सॉफ्टवेअरमधील सरळ रेषेचा फेड मात्र कानाच्या हिशेबाने चालत नाही. तो ध्वनिलहरीची उंची समान वेगाने कमी करतो. आठ सेकंदांचा असा फेड घेतला तर चौथ्या सेकंदाला लहरीची उंची निम्मी होते, पण पातळी केवळ ६ डेसिबलने उतरलेली असते, म्हणजे अर्धा वेळ संपूनही फारसे काही घडलेले नसते. सहाव्या सेकंदाला ती १२ डेसिबलने आणि ७.२ सेकंदांना २० डेसिबलने खाली असते, आणि उरलेला सर्व उतार शेवटच्या पाऊण सेकंदात कोसळतो. फेड लांब ठेवूनही शेवट तुटल्यासारखा वाटतो त्याचे कारण हे आहे.

म्हणून फेडची रेषा हाताने वाकवावी. आठ सेकंदांसाठी दुसऱ्या सेकंदाला मूळ पातळीच्या ६ डेसिबल खाली, चौथ्याला १४, सहाव्याला २८ आणि आठव्याला ६० अशा चार खुणा पुरतात. सुरुवातीचा उतार सौम्य राहतो, मधला भाग कानाला सारखा उतरत जाणारा वाटतो आणि शेवटचा अंश सभागृहातील पंख्यांच्या आवाजाखाली नकळत नाहीसा होतो.

दूर जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट करावी लागते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, आणि त्याच वेळी चाकांचा किणकिणाट, ब्रेकचा चीत्कार यांसारखे उंच स्वर हवेत व झाडीत आधी विरतात, मागे राहते ती खोल घरघर. केवळ पातळी कमी केली तर गाडी दूर गेल्यासारखी वाटत नाही, कोणी रेडिओचा आवाज कमी केल्यासारखे वाटते. त्यासाठी उंच स्वर अडवणारा लो-पास फिल्टर लावून त्याची मर्यादा त्याच आठ सेकंदांत सुमारे १२,००० हर्ट्झवरून २,००० हर्ट्झपर्यंत खाली आणावी.

गाडीचा आवाज विरत असतानाच संगीत सुरू व्हायचे असेल तर दोन्हींची देवाणघेवाण जेथे होते तो क्षण तपासावा. दोन्ही आवाज मध्यावर निम्म्या उंचीचे ठेवले तर त्यांची बेरीज कमी पडून तेथे खड्डा ऐकू येतो. एकमेकांशी संबंध नसलेले दोन आवाज मध्यावर सुमारे ७० टक्के उंचीचे ठेवले तर एकूण पातळी समान राहते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय समान शक्तीचा क्रॉसफेड म्हणून तयार मिळतो.

संगीताचा शेवट मात्र शक्यतो फेडने करू नये. तालाच्या आवर्तनात मध्येच आवाज मावळला तर गायक उठून गेल्यासारखे वाटते. शेवटची सम जेथे यायला हवी ती जागा आधी निश्चित करावी, संगीताची पट्टी त्या जागेपासून मागे मोजत लावावी आणि सुरुवात जेथे येईल तेथे येऊ द्यावी. सुरुवात फेडने झाकता येते, सम झाकता येत नाही.

६. सगळे एकत्र

आता लोंढ्याच्या लघुपटाचा शेवट घड्याळावर मांडता येतो. ११ मिनिटे २० सेकंदांना चित्राचा फेड सुरू होतो आणि ११:२३ ला पडदा काळा होतो. गाडीचा आवाज ११:२१ पासून उतरू लागतो आणि ११:२९ पर्यंत टिकतो, म्हणजे चित्र गेल्यावरही सहा सेकंद गाडी कानात चालू राहते. चित्र आणि आवाज एकाच क्षणी संपवले तर यंत्र बंद पडल्याचा भास होतो, तो असा टळतो. नामावली ११:२४ ला सरकू लागते आणि ५० सेकंदांनी, १२:१४ ला, शेवटची ओळ वर निघून जाते. संगीत ११:२४ लाच अगदी हलके आत येते आणि त्याची सम १२:१४ ला पडते. त्यानंतर स्थळ, वर्ष आणि हक्काचा उल्लेख असलेली स्थिर पाटी चार सेकंद राहते, तिच्याखाली तंबोऱ्याची आस विरते, आणि पुढे दोन सेकंद पूर्ण काळोख आणि पूर्ण शांतता ठेवली जाते. ही दोन सेकंदे अनावश्यक वाटतात, परंतु ती नसतील तर प्रक्षेपण यंत्र फाइल संपताच पुढचे चित्र किंवा संगणकाचा पडदा दाखवते.

तपासणी दोनदा करावी. एकदा आवाज पूर्ण बंद करून फक्त शिरोरेषा पाहाव्यात, आणि एकदा डोळे मिटून फक्त आवाज ऐकावा, कारण दोन्ही एकत्र चालू असताना एकाचा दोष दुसरा झाकतो. संकलनाच्या खिडकीत दिसणारी थरथर अनेकदा संगणक मंद असल्यामुळे येते, म्हणून निर्णय निर्यात केलेल्या फाइलवरच घ्यावा, आणि शक्य असल्यास ज्या सभागृहात लघुपट दाखवायचा आहे तेथील शेवटच्या रांगेत उभे राहून. तेथून नाव वाचता येत नसेल तर अक्षराचा आकार वाढवावा, ओळींचे अंतर त्याच प्रमाणात वाढवावे आणि हिशेब पुन्हा मांडावा. वेगाचा ३ हा आकडा मात्र बदलू नये.